लिटरमागे नाही, पंपाला किती ते सांगा : फवारणीच्या कागदावरून व्हिडिओची स्क्रिप्ट लिहिताना

प्रश्न : आमच्या शेतकरी कंपनीकडून कापसाच्या फवारणीवर एक व्हिडिओ करायचाय, यवतमाळकडच्या लोकांसाठी. औषध प्रोफेनोफॉस ४०% + सायपरमेथ्रिन ४% ईसी. बाटलीसोबत येणारा घडीचा कागद मी साध्या मराठीत उतरवून काढला, पण वाचायला नऊ मिनिटं लागतात आणि ज्यांना दाखवला त्यांच्या डोक्यात काहीच राहिलं नाही. डोस आणि सुरक्षा नीट कळेल अशी स्क्रिप्ट कशी लिहायची?

उत्तर :

सगळ्यात आधी एक विचारतो, तुमचा व्हिडिओ बघणार कोण? कागद लिहिलेला असतो बाटली विकत घेणाऱ्यासाठी, आणि तुमच्या भागात बाटली घेणारा मालक वेगळा आणि पंप पाठीवर घेणारा मजूर वेगळा असं खूप ठिकाणी असतं. फवारणारा माणूस कधी रोजानं तर कधी पंपामागे इतके पैसे असं ठरवून येतो, त्याच्या हातात तो कागद कधी पडतच नाही, औषध मालकाने बादलीत ओतून दिलेलं असतं आणि त्याला नाव पण माहीत नसतं. म्हणून स्क्रिप्ट या माणसाला समोर ठेवून लिहा. मालकाला लागणाऱ्या गोष्टी (किती बाटल्या आणायच्या, बिल घ्या, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं) वेगळ्या छोट्या क्लिपमध्ये टाका. मी साधारण दीड दीड मिनिटाच्या तीन क्लिप करतो, एक औषध मोजण्याची, एक अंगावर काय घालायचं आणि कसं चालायचं याची, आणि एक त्रास व्हायला लागला तर काय करायचं याची. नऊ मिनिटं सलग वावरात उभं राहून कोणी बघत नाही.

कागदाचा क्रम पण सोडून द्या. कागदात आधी रासायनिक माहिती, मग पिकांचा तक्ता, मग वापरायची पद्धत, मग खबरदारी, मग विषबाधेची लक्षणं, मग उतारा, मग रिकाम्या डब्याचं काय करायचं असं येतं, कायद्याला ते सगळं छापलेलं लागतं म्हणून. व्हिडिओचा क्रम फवारणीच्या दिवसाचा पाहिजे, म्हणजे सकाळी वावरात पोचल्यापासून संध्याकाळी अंघोळ करेपर्यंत हाताला जे काम ज्या वेळी येतं ते त्या वेळी सांगायचं. हातमोजे हा विषय "खबरदारी"मध्ये येत नाही, तो बाटलीचं झाकण उघडायच्या आधीच्या शॉटमध्ये येतो.

आता डोस. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेक व्हिडिओ इथेच फसतात.

कागदावर कापसाच्या बोंडअळ्यांसाठी या औषधाची मात्रा हेक्टरी १००० ते १५०० मिली आणि पाणी ५०० ते १००० लिटर अशी येते (तुमच्या हातातल्या बाटलीचा कागद बघून पक्कं करा, नावं सारखी वाटतात पण नुसतं प्रोफेनोफॉस ५०% ईसी वेगळं आणि हे जोड औषध वेगळं). आता आपल्याकडे हेक्टर कोणी बोलत नाही, आपण एकरात बोलतो. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. म्हणजे एकरी ४०० ते ६०० मिली, आणि पाण्याचा खालचा आकडा धरला तर एकरी २०० लिटर. पंप १५ लिटरचा असेल तर २०० लिटरचे तेराच्या आसपास पंप होतात. ४०० मिली तेरा पंपांत वाटलं की पंपाला ३० मिली आलं. लिटरला २ मिली असंही म्हणता येतं, हिशोब तोच आहे, पण "लिटरला दोन मिली" हे वाक्य स्क्रिप्टमध्ये येऊच देऊ नका. ज्याला पंप भरायचाय त्याला मग मनात पंधरा गुणिले दोन करावं लागतं, आणि गडबडीत माणूस दोनच लक्षात ठेवतो, मग ते दोन झाकणं होतात. म्हणून बोलताना एकच, "पंधरा लिटरचा पंप, तीस मिली", आणि स्क्रीनवर मोठ्या आकड्यात १५ आणि ३०. कोणाकडे १६ चा पंप असतो, कोणाकडे २० चा, त्यासाठी शेवटी एक पाटी दाखवा, २० ला ४०. १६ वाल्याला सांगा की पंधराच्या खुणेपर्यंतच भर, त्याने पंप गळ्यापर्यंत भरत नाही आणि पाठीवर सांडतही नाही.

तुम्ही म्हणाल कागदात तर ४०० ते ६०० आहे, मग आपण ४००च का सांगायचं? माझं मत स्पष्ट आहे, व्हिडिओत दोन आकड्यांची रेंज देऊ नका. "तीस ते पंचेचाळीस" म्हटलं की शंभरातले शंभर लोक पंचेचाळीस घेणार, आणि अळी जास्त दिसली की साठ. कोणता आकडा सांगायचा ते तुम्ही एकट्याने ठरवू नका, तुमच्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्राच्या कीटकशास्त्राच्या माणसाकडून लेबलच्या मर्यादेतला एक आकडा ठरवून घ्या आणि तोच बोला. लेबलच्या बाहेरचा आकडा किंवा लेबलवर नसलेलं पीक मात्र कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी स्क्रिप्टमध्ये घ्यायचं नाही.

डोस वाढण्याचं मूळ पुष्कळदा पाण्यात असतं हे पण समजून घ्या. लेबलच्या हिशोबाने एकरी तेरा पंप, आणि प्रत्यक्षात मजूर सातआठ पंपात एकर उरकतो कारण पाणी लांबून आणावं लागतं, ऊन चढत असतं, आणि पऱ्हाटी छातीएवढी झाली की तासातून चालवत नाही. मग झाडाच्या आतल्या बोंडांपर्यंत फवारा पोचत नाही, अळी मरत नाही, आणि शेतकरी म्हणतो औषधात दम नाही, पुढच्या वेळी पंपाला साठ मिली टाक. आता पाणी कमीच राहिलं, द्रावण दुप्पट कडक झालं, अळी आतल्या बोंडात तशीच राहिली आणि कडक द्रावण सगळं गेलं फवारणाऱ्याच्या अंगावर. स्क्रिप्टमध्ये हे असं समजावून सांगायला वेळ नसतो, पण एक वाक्य नक्की टाका, "पंप कमी मारले म्हणून औषध वाढवू नका, पाणी वाढवा."

अजून एक घोळ खास आपल्याकडचा आहे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत खाली एक ओळ असते की ही मात्रा साध्या पंपासाठी आहे, पॉवर पंपासाठी तिप्पट करावी. ती ओळ पेट्रोलवरच्या, हवेच्या झोताने बारीक धुकं मारणाऱ्या पंपासाठी आहे, कारण त्याला एकरी पाणी फार कमी लागतं. आता झालं काय की सगळीकडे चार्जिंगचे पंप आले, आणि चार्जिंगच्या पंपाला पण लोक "पॉवर पंप" म्हणतात. मी स्वतः माणसं बघितलीयत जी चार्जिंगच्या पंपात साध्याची तिप्पट मात्रा घालत होती आणि त्यांना वाटत होतं आपण शिफारशीप्रमाणेच करतोय! चार्जिंगचा पंप म्हणजे हात न मारता चालणारा साधाच पंप, पाणी तेवढंच, मात्रा तीच. हे व्हिडिओत पंप हातात धरून दाखवा, "हा बॅटरीवाला, याला पण तीसच."

आता मोजायचं कशाने. झाकण. सगळे झाकणाने मोजतात, आणि झाकण प्रत्येक कंपनीचं वेगळं, कुठे दहा मिलीचं कुठे पंचवीसचं. कागदात "मोजमापाच्या भांड्याने" असं लिहिलेलं असतं पण ते भांडं म्हणजे काय ते कोणी दाखवत नाही. बारा-पंधरा रुपयांत मिळणारं खुणांचं प्लास्टिक माप घ्या, त्याच्यावर तीसच्या रेघेला लाल रंग किंवा लाल चिकटपट्टी लावा, आणि कॅमेरा त्या रेघेच्या अगदी समोर, डोळ्याच्या उंचीवर ठेवा. ते माप पंपाच्या पट्ट्यालाच सुतळीने बांधून ठेवा म्हणजे घरात जात नाही, कारण औषध मोजायचं माप घरात गेलं की कधी ना कधी खोकल्याच्या औषधाला नाहीतर तेलाला वापरलं जातं.

आमची एक चूक सांगतो, त्यातून मी फार शिकलो. पहिल्या वेळी अशीच क्लिप केली तेव्हा आवाजात स्पष्ट होतं की मापाने मोजा, तीस मिली, सगळं बरोबर. पण शूटिंगच्या वेळी कॅमेरावाल्याला झाकण उघडतानाचा क्लोजअप आवडला म्हणून आम्ही तो ठेवला. नंतर पाच जणांना क्लिप दाखवली आणि रंगीत पाण्याची बाटली, माप, पंप समोर ठेवून म्हटलं आता करून दाखवा. पाचातल्या तिघांनी झाकण भरून ओतलं. विचारलं असं का केलं, तर म्हणाले व्हिडिओत तसंच तर होतं. तेव्हापासून माझा नियम एकच, चित्र आणि आवाज वेगळं सांगत असतील तर चित्र जिंकतं, म्हणून चुकीची कृती स्क्रीनवर आणायचीच नाही. लाल फुली मारून "असं करू नका" वाला शॉटसुद्धा मी आता घेत नाही, कारण आवाज बंद करून बघणाऱ्याला नुसती ती कृती दिसते.

मोजायच्या क्लिपचं बोलणं मी साधारण असं लिहीन, शेतकऱ्याच्याच तोंडी, निवेदकाच्या आवाजात नको :

(वावराच्या धुऱ्यावर पंप ठेवलेला. माणसाच्या हातात रबरी मोजे आधीच घातलेले, डोळ्याला चष्मा.) "भाऊ, हा पंप पंधरा लिटरचा. पहिले अर्धा पंप साधं पाणी." (पाणी ओततो.) "आता माप. ही लाल रेघ, तीस." (कॅमेरा रेघेवर थांबतो, तीन सेकंद काहीच बोलायचं नाही.) "बाटली खाली धरून ओतायची, तोंडाजवळ नाही." (ओततो.) "तीस मिली गेलं पंपात. माप पाण्याने धुतलं, ते पाणी पण पंपातच." (तीनदा धुतो.) "आता वरून पाणी, पंधराच्या खुणेपर्यंत. काडीने हलवलं. हात घालायचा नाही." (झाकण लावतो.) "एका पंपाला तीस. अळी जास्त असली तरी तीसच."

बघा यात "प्रति हेक्टर", "सक्रिय घटक", "द्रावण" काहीच नाही. आणि "औषध" हा शब्द तुम्हाला टाळावासा वाटेल, कारण ते विष आहे. मी असं करतो की मोजताना औषधच म्हणतो, लोक तेच म्हणतात आणि तिथे शब्दावर अडायला नको, पण अंगावर सांडलं, कपड्याला लागलं, हात न धुता खाल्लं या ठिकाणी मुद्दाम "विष" म्हणतो. एकाच क्लिपमध्ये शब्द बदलला की ऐकणारा सावध होतो, हे मी बऱ्याच वेळा पाहिलंय.

काही ठिकाणी लोक पंपागणिक मोजत नाहीत, २०० लिटरचा ड्रम भरून त्यात एकदाच औषध टाकतात. हिशोबाला हे फार सोपं आहे, एक ड्रम, एक एकर, चारशे मिली. आणि त्यात एक मोठा फायदा असा की घट्ट औषधाला तेरा वेळा हात लावायच्या ऐवजी एकदाच लागतो, आणि सगळ्यात धोक्याची वेळ तीच असते, न पातळ केलेलं औषध हाताळायची. तोटा पण आहे, दर वेळी बादली बुडवून भरताना हात भिजतो आणि उघड्या ड्रमाला ढोर तोंड लावतं नाहीतर लेकरू हात घालतं. तुमच्या गावात ज्या पद्धतीने काम चालतं तीच दाखवा, दोन्ही दाखवू नका. ड्रम दाखवलात तर दांडीवालं भांडं, वर झाकण, दर वेळी ढवळणं आणि आजचं आजच संपवणं, एवढं दाखवा.

मिश्रणाबद्दल फक्त एक वाक्य. हे औषध मुळातच दोन विषांचं मिश्रण आहे, त्यात अजून एखादं कीटकनाशक, टॉनिक, विद्राव्य खत एकत्र करायची सवय आहे, दुकानदार पण देतो तसं. व्हिडिओत म्हणा, "हे एकटंच. यात दुसरं काही नाही."

आता अंगावर काय घालायचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली, ते तुमच्याकडे कोणाला सांगायला नको. त्यानंतर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशिम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली होती, त्यात तुमचं हे जोड औषध पण होतं. तेव्हा जी कारणं पुढे आली त्यात डोक्याएवढी वाढलेली दाट पऱ्हाटी, दमट उकाडा, जास्त दाबाचे पंप, मनाने केलेली मिश्रणं आणि अंगावर काहीच नसणं हे सगळं होतं. म्हणजे साधी गोष्ट अशी की फवारा समोरच्या पानांवर मारला आणि मग माणूस त्याच ओल्या पानांमधून चालत गेला. कपडे भिजले, आणि भिजलेला कपडा दिवसभर कातडीला चिकटून राहिला. विष नाकातून जातं हे सगळ्यांना वाटतं म्हणून सगळे तोंडाला दुपट्टा बांधतात, पण फवारणीत अंगात जाणारं पुष्कळसं विष कातडीतून जातं, आणि घाम आलेल्या गरम कातडीतून जास्त. कागदात मास्क, मोजे, चष्मा, बूट, अॅप्रन सगळ्यांना सारखंच वजन असतं, त्यामुळे माणूस एकच गोष्ट निवडतो आणि ती नेमकी दुपट्टा असते. तो दुपट्टा फवारा शोषून घेतो आणि ओला होऊन नाकाशी बसतो.

म्हणून स्क्रिप्टमध्ये सगळं एकदम म्हणून न टाकता मी क्रम लावतो. पहिलं, मोजताना आणि ओतताना रबरी किंवा नायट्राइलचे लांब मोजे आणि डोळ्याला चष्मा, यात तडजोड नाही. कापडी मोजे तर नकोच, ते ओले झाले की नसल्यापेक्षा वाईट. दुसरं, पाठ. पंपाच्या झाकणाचं रबर गेलेलं असतं, वाकलं की मानेवरून पाठीवर थेंब उतरतात आणि माणसाला वाटतं घाम आहे. यासाठी शूटच्या आधी पंपात नुसतं पाणी भरून पाठीवर घ्या, दहा पावलं चाला, वाका, आणि मग शर्टाची पाठ कॅमेऱ्याला दाखवा, ओली की कोरडी. हा शॉट फार बोलतो. गळत असेल तर आधी रबर बदला. पंप आणि पाठ यांच्यात प्लास्टिकचा जाड तुकडा अॅप्रनसारखा पाहिजे. तिसरं, पाय आणि मांड्या, कारण ओल्या पऱ्हाटीत घासतं ते तेच. रबरी गमबूट, आणि फुलपँट बुटाच्या बाहेरून, आत खोचायची नाही, नाहीतर वरून ओघळलेलं सगळं बुटात साचतं आणि पाय दिवसभर त्यात भिजतो. समोर कमरेपासून खाली प्लास्टिकचा अॅप्रन. मास्क या सगळ्यानंतर येतो. दुपट्ट्याऐवजी मास्कच पाहिजे, पण धुळीचा साधा मास्क औषधाची वाफ अडवत नाही हे स्पष्ट सांगा, नाहीतर मास्क लावला म्हणून माणूस बाकी सगळं सोडून देतो.

आता यावर लोक म्हणणार, ऑक्टोबरच्या उकाड्यात हे सगळं घालून माणूस चक्कर येऊन पडेल. त्यांचं बरोबर आहे, आणि या आक्षेपाला उत्तर दिलं नाही तर तुमचा व्हिडिओ तिथेच संपला. उत्तर वेळेत आहे. सकाळी लवकर वारा शांत असताना सुरू करायचं, ऊन चढायच्या आधी थांबायचं, उरलेलं संध्याकाळी. पंपामागे पैसे घेणारा मजूर थांबत नाही कारण थांबला की त्याचा रोज बुडतो, म्हणून मालकाच्या क्लिपमध्ये साफ म्हणा की फवारणीला दिवसाचा रोज द्या, पंपामागे नको. हे कोणत्याच कागदात नसतं पण सुरक्षेतला हा सगळ्यात मोठा मुद्दा मला वाटतो.

चालायचं कसं ते पण दाखवा. वारा पाठीमागून किंवा बाजूने पाहिजे, आणि फवारलेल्या ओळीत पुढे घुसायचं नाही, कोरड्या बाजूने राहायचं. मूठभर माती उडवून वारा कुठे चाललाय ते बघा असं दाखवलं की वेगळं समजवावं लागत नाही. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली असेल आणि हात वर करून फवारावं लागत असेल तर मोज्याच्या तोंडाशी बाहेरून एक दुमड घाला म्हणजे ओघळ कोपराकडे येत नाही, पण खरं सांगायचं तर डोक्याच्या वर गेलेल्या दाट पिकात पाठीवरच्या पंपाने हे औषध मारायलाच नको, आणि हे व्हिडिओत म्हणायला घाबरू नका.

नोझल अडकलं की तोंडाने फुंकतात. तिथे जुना टूथब्रश नाहीतर गवताची काडी दाखवा, पंपाच्या पट्ट्यालाच बांधलेली. आणि खर्रा! कागदात लिहिलेलं असतं "फवारणी करताना खाऊ पिऊ नये, धूम्रपान करू नये". तुमच्या भागातला माणूस म्हणतो मी कुठे बिडी ओढतो, आणि खिशातून खर्र्याची पन्नी काढून त्याच हाताने मळतो. त्याला स्वतःला तो जेवण पण समजत नाही आणि धूम्रपान पण नाही. म्हणून नाव घेऊनच बोला, "खर्रा घरी ठेवून या."

तिसरी क्लिप, त्रास व्हायला लागला तर. कागदावर डोकेदुखी, मळमळ, चक्कर, अंधारी अशी यादी असते आणि ही सगळी लक्षणं उन्हात काम करणाऱ्याला रोजच होतात, तो म्हणतो ऊन लागलं, लिंबूपाणी पितो आणि परत पंप उचलतो. तुम्हाला फरक ओळखायची खूण द्यावी लागेल. प्रोफेनोफॉस हे ज्या गटातलं आहे त्या विषात शरीरातलं पाणी सुटतं, म्हणजे तोंडात लाळ येत राहते, डोळ्यातून पाणी, नाक वाहतं, दरदरून घाम, पोटात मुरडा. उन्हाने माणसाचं तोंड कोरडं पडतं, इथे उलट होतं. सोबत नजर धूसर होते, छाती आवळल्यासारखी वाटते, पापणी नाहीतर दंडाचं मांस आपोआप फडफडतं, आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. बाहुलीची खूण स्वतःला दिसत नाही, ती सोबत्याने बघायची असते, म्हणून एकट्याने फवारायचं नाही हे पण इथेच येतं. यातलं सगळंच दिसायला पाहिजे असं नाही, एकदोन दिसली तरी काम थांबवायचं.

मग काय करायचं ते चारच कृतींत दाखवा. वावराबाहेर आणा, भिजलेले कपडे सगळे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा (धुणाऱ्याने स्वतः मोजे घालून), आणि १०८ ला फोन. बाटली आणि तो घडीचा कागद सोबत द्या, तो कागद खरा इथे कामी येतो, डॉक्टरला कोणतं विष आहे ते कळलं की उपचार लगेच ठरतो. डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं साधं पाणी सोडत राहायचं. उलटी करवायची नाही, दूध नाही, तूप नाही, मिठाचं पाणी नाही, कारण ईसी म्हणजे तेलासारख्या द्रवात विरघळवलेलं औषध, उलटीतून ते फुप्फुसात गेलं तर वेगळाच जीवघेणा प्रकार होतो. अॅट्रोपिन या उताऱ्याचं नाव शेतकऱ्याच्या क्लिपमध्ये घेऊ नका, ते डॉक्टरचं काम. त्याऐवजी कागदातला डॉक्टरसाठीचा भाग जसाच्या तसा एका फोटोत टाकून क्लिपसोबत पाठवा, आणि त्याखाली दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा नंबर, १८०० ११६ ११७, तिथे डॉक्टर पण फोन करू शकतात.

या क्लिपमध्ये अजून एक गोष्ट राहता कामा नये. त्रास वावरातच होतो असं नाही, संध्याकाळी घरी गेल्यावर, जेवताना, रात्री पण सुरू होऊ शकतो. आणि सलग चारपाच दिवस फवारणाऱ्याच्या अंगात परिणाम साचत जातो, पहिल्या तीन दिवसांत काही झालं नाही म्हणून चौथ्या दिवशी होणार नाही असं नाही. म्हणून एकाच माणसाने रोज रोज नाही. दवाखान्यात बरं वाटलं म्हणून सुट्टी मागून पळायचं पण नाही, या विषात दोनतीन दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, डॉक्टर म्हणतील तितके दिवस राहायचं.

बायकांचा विचार स्क्रिप्टमध्ये बहुधा सुटतो. कागदात शेवटची फवारणी आणि वेचणी यात १४ दिवसांचं अंतर असतं, पण वेचणीला किंवा निंदणाला येणाऱ्या बाईला त्या वावरात काल फवारणी झालीय हे सांगतं कोण? धुऱ्यावर काठीला लाल कापड बांधा आणि खाली पाटीवर तारीख लिहा, हा शॉट घ्या. फवारणीचे कपडे घरी धुतं कोण ते पण बघा. ते कपडे वेगळ्या बादलीत, मोजे घालून, लेकरांच्या कपड्यात न मिसळता, हे त्या बाईला उद्देशून थेट बोला, "ताई, हे कपडे वेगळे."

रिकाम्या बाटलीचं थोडक्यात. तीनदा खळखळून धुवा, ते पाणी पंपात टाका, बाटलीला भोक पाडा. पंप धुतलेलं पाणी विहिरीत, नाल्यात जाऊ द्यायचं नाही. बाटलीवरचा रंगाचा त्रिकोण दाखवायचा असेल तर एक जपा, लाल, पिवळा, निळा, हिरवा हा विषारीपणाचा उतरता क्रम आहे पण लोक हिरव्याला "बिनविषारी" समजतात, तर रंग कोणताही असो मोजे घालायचेच असं सोबत म्हणा. कंपनीचं नाव, बाटलीचा समोरचा लेबल फोकसमध्ये येऊ देऊ नका, नाहीतर तुमचा सुरक्षेचा व्हिडिओ जाहिरात होऊन फिरतो.

स्क्रिप्ट झाली की शूटच्या आधी एक काम करा. ती फोनवर नुसती वाचून रेकॉर्ड करा, पाच फवारणारे मजूर गाठा, कृषी केंद्रावर बसलेले मालक नकोत, आणि ऐकवून झालं की काही न विचारता त्यांच्यासमोर रिकामा पंप, पाण्याची बादली, खाण्याच्या रंगाचं पाणी भरलेली बाटली, दोन मापं (एक खुणांचं, एक नुसतं झाकण), मोजे आणि दुपट्टा ठेवा आणि म्हणा भरा पंप. कळलं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्यांनी आधी मोजे उचलले की बाटली, माप कोणतं घेतलं, रेघ डोळ्यासमोर धरून बघितली की वरून, हात घालून ढवळलं का, हे लिहून ठेवा. पाचातले दोन एकाच जागी चुकले तर ती जागा स्क्रिप्टमधली आहे, माणसांमधली नाही, तेवढं वाक्य आणि तेवढा शॉट परत लिहा आणि दुसऱ्या पाच जणांना बोलवा. माझ्या शेवटच्या क्लिपला हे चार वेळा करावं लागलं, चौथ्यांदा पाचही जणांनी पहिले मोजे उचलले तेव्हा कॅमेरावाल्याला तारीख दिली.